तीन तास चाळीस मिनिटांची छपाई पाच तासांची का झाली?

वायर भिंतीला धरून ठेवणाऱ्या १२ क्लिपांचा एक संच मला सकाळपर्यंत माझ्या थ्रीडी प्रिंटरवर छापून हवा होता. वस्तूच्या आराखड्यातून प्रिंटरसाठी आज्ञांची फाइल बनवणाऱ्या स्लाइसर या सॉफ्टवेअरने छपाईला ३ तास ४० मिनिटे आणि फिलामेंट, म्हणजे प्लास्टिकची तार, ५२.६ ग्रॅम लागेल असे दाखवले. शिल्लक राहिलेले पीईटीजी या प्लास्टिकचे एक जुने स्पूल मी वजनकाट्यावर ठेवले, ते २४८ ग्रॅम भरले. रिकामे स्पूल साधारण १९० ग्रॅमचे असते असे धरून त्यावर ५८ ग्रॅम फिलामेंट उरले आहे, म्हणजे गरजेपेक्षा पाच ग्रॅम जास्तच आहे, असा हिशेब करून मी प्रिंट सुरू केली. काम संपले तेव्हा प्रिंटरच्या पडद्यावर ५ तास २ मिनिटे दिसत होती आणि बेडवर १२ मिमी उंचीच्या क्लिपांऐवजी जेमतेम १० मिमी उंचीचे बारा अर्धवट तुकडे उभे होते. माझ्या प्रिंटरला फिलामेंट संपल्याचे ओळखणारा सेन्सर नाही, त्यामुळे फिलामेंट संपल्यावरही नोझल उरलेले थर हवेत गिरवत राहिला होता. बाराही क्लिपा थरागणिक एकत्र वाढत होत्या, म्हणून एकही वाचली नाही.

त्या फसलेल्या प्रिंटमधून एक गोष्ट मात्र हाती लागली. फिलामेंट असो वा नसो, यंत्राच्या हालचाली त्याच असतात, त्यामुळे ५ तास २ मिनिटे हा त्या कामाचा खरा वेळ होता. वेळेचा अंदाज आणि वजनाचा अंदाज एकाच रात्री चुकले असले तरी त्यांची कारणे वेगळी असणार हे उघड होते, म्हणून मी दोन्हींचा माग वेगवेगळा काढायचे ठरवले.

आधी वेळेकडे पाहू. त्याच प्रिंटरवर आठवडाभरापूर्वी मी एका सर्किटसाठी १२० मिमी लांबीचा एक डबा छापला होता आणि त्याचे आकडे वहीत होते: अंदाज ४ तास १० मिनिटे, प्रत्यक्षात ४ तास ३१ मिनिटे. मिनिटांत मांडले तर डब्याला २५०ऐवजी २७१ मिनिटे लागली आणि क्लिपांना २२०ऐवजी ३०२. पहिल्या कामात आठ टक्के जास्त, दुसऱ्यात सदतीस टक्के जास्त. तोवर मी स्लाइसरच्या वेळेत दहा टक्के मिळवून लोकांना वेळ सांगत असे, आणि अनेकजण असेच करतात. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवल्यावर त्या सवयीतला दोष लगेच दिसला. यंत्र तेच, नोझल तोच, थराची जाडी तीच आणि वेगही तेच असताना चूक चौपटीहून अधिक वाढते, याचा अर्थ ती वस्तूच्या आकारावर अवलंबून आहे, आणि अशी चूक एका ठरावीक टक्केवारीने भरून निघू शकत नाही.

सर्वांत आधी मी दोन्ही कामांतून असा वेळ वेगळा काढला, जो स्लाइसर मोजतच नाही. बेड आणि नोझल तापेपर्यंत यंत्र थांबून राहते, मग तिन्ही अक्ष आपापल्या शून्य जागी जातात, म्हणजे होमिंग होते, मग बेडच्या सपाटीचे मोजमाप होते. यातला कोणताही वेळ जी-कोडच्या, म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांच्या, ओळींवरून कळत नाही, कारण `M190` ही ओळ फक्त अमुक तापमान येईपर्यंत थांबायला सांगते. त्याला किती मिनिटे लागतील हे खोलीच्या आणि हीटरच्या हाती असते. मी पुढच्या थंड सुरुवातीला घड्याळ लावून बसलो. बेड ८० अंशांवर आणि नोझल छपाईच्या तापमानावर येईपर्यंत सात मिनिटे गेली, होमिंग आणि सपाटीचे मोजमाप यांत चार. एकूण अकरा मिनिटे. प्रिंट मोठी असो वा छोटी, ही अकरा मिनिटे ठरलेलीच. एका प्रिंटपाठोपाठ लगेच दुसरी लावली आणि बेड गरम असला तर ती सहावर येतात.

येथे कोणते घड्याळ पाहतो याचे भान ठेवावे लागते. मार्लिन फर्मवेअरच्या पडद्यावरचा वेळ सहसा तापवण्याच्या आज्ञेबरोबरच मोजायला लागतो. क्लिपर या दुसऱ्या फर्मवेअरमध्ये मात्र `print_duration` आणि `total_duration` असे दोन वेगळे आकडे मिळतात, आणि त्यांतला पहिला फिलामेंट प्रत्यक्ष बाहेर पडू लागल्यापासूनचा असतो. दोन वेगळ्या घड्याळांची तुलना करून स्लाइसरला दोष देणे सहज घडते.

अकरा मिनिटे वजा केल्यावर डब्याचा खरा छपाईचा वेळ २६० मिनिटे उरला, म्हणजे अंदाजापेक्षा चार टक्के जास्त. क्लिपांचा उरला २९१, म्हणजे तरीही बत्तीस टक्के जास्त. डब्याचे कोडे जवळजवळ सुटले, पण क्लिपांचे तिथेच राहिले.

क्लिप हातात घेऊन पाहिली तर तिच्यात लांब सरळ रेषा जवळजवळ नाहीतच. पाच-सहा मिलिमीटरांच्या कडा, वाकलेली तोंडे, स्क्रूचे भोक, मधला थोडासा इन्फिल म्हणजे आतला भराव. डब्याच्या भिंती मात्र १२० मिमीच्या. वेगाची मर्यादा दोन्हींना सारखीच, ताशी नव्हे तर सेकंदाला ६० मिमी. मग फरक पडतो तो वेग घेण्यात आणि वेग सोडण्यात, आणि तो किती पडतो हे प्रवेगावरून ठरते.

हे कागदावर करून पाहण्यासारखे आहे. समजा नोझल ६ मिमीच्या रेषेच्या सुरुवातीला थांबलेला आहे आणि शेवटी पुन्हा थांबणार आहे. प्रवेग सेकंदवर्गाला १५०० मिमी असेल तर ६०चा वेग गाठायला १.२ मिमी अंतर आणि ०.०४ सेकंद लागतात, तितकेच थांबायला लागतात, आणि मधले ३.६ मिमी पूर्ण वेगाने जाऊन एकूण ०.१४ सेकंद होतात. प्रवेग ५०० असेल तर ६०चा वेग गाठायलाच ३.६ मिमी हवेत आणि थांबायला आणखी ३.६, रेषा मात्र सहाचीच. त्यामुळे नोझल तो वेग कधी गाठतच नाही, अर्ध्या वाटेवर ५५च्या आसपास पोहोचून लगेच मंदावू लागतो आणि एकूण ०.२२ सेकंद घेतो. रेषा तीच, लिहिलेला वेग तोच, पण वेळ दीडपटीहून जास्त. आता हाच हिशेब १२० मिमीच्या भिंतीचा केला तर १५००च्या प्रवेगाने २.०४ सेकंद आणि ५००च्या प्रवेगाने २.१२ सेकंद येतात. फरक चार टक्के. डब्यात मला नेमके चारच टक्के जास्त लागले होते, आणि हा आकडा कागदावर उमटला तेव्हा मला कारण सापडल्याची खात्री वाटू लागली. प्रत्यक्षात प्रत्येक कोपऱ्यावर नोझल पूर्ण थांबत नाही, फर्मवेअरमधल्या जर्कच्या मर्यादेइतका वेग तो राखतो, त्यामुळे क्लिपांमधला फरक दीडपटीपर्यंत न जाता बत्तीस टक्क्यांवर थांबला होता.

आजचे स्लाइसर हा प्रवेगाचा हिशेब करतातच. प्रत्येक हालचालीचा वेग घेण्याचा, स्थिर वेगाचा आणि वेग सोडण्याचा भाग ते वेगवेगळा मोजतात. प्रश्न एवढाच की ते कोणता प्रवेग धरतात. मी वापरतो त्या प्रुसास्लाइसरमध्ये प्रिंटरच्या सेटिंगमध्ये `Machine limits` नावाचे पान आहे. तिथे छपाईच्या हालचालींचा प्रवेग १५०० होता, कारण प्रोफाइल बनवताना मी ते पान कधी उघडलेच नव्हते आणि मूळचा आकडा तसाच राहिला होता. मग मी प्रिंटरला संगणक जोडून `M503` ही आज्ञा दिली. मार्लिन त्याला उत्तर म्हणून स्वतःच्या सध्या लागू असलेल्या सगळ्या मर्यादा छापून देतो. त्यातल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
M201 X500.00 Y500.00 Z100.00 E5000.00
M203 X500.00 Y500.00 Z5.00 E25.00
M204 P500.00 R1000.00 T500.00
M205 X8.00 Y8.00 Z0.40 E5.00
```

`M204` मधला `P` म्हणजे छपाईच्या हालचालींचा प्रवेग. तो ५०० होता. स्लाइसर तिप्पट चपळ यंत्राचा वेळ मोजत होता आणि माझे यंत्र स्वतःच्या मर्यादेत, आपल्या गतीने चालत होते.

त्याच पानावर वर एक निवड असते, तिचा अर्थ नीट समजून घ्यावा. `Emit to G-code` निवडले तर स्लाइसर हे आकडे फाइलच्या सुरुवातीला लिहितो, मार्लिन ते मानतो आणि यंत्र खरोखरच त्या प्रवेगाने चालू लागते. `Use for time estimate` निवडले तर आकडे फक्त वेळेच्या हिशेबापुरते राहतात. माझ्याकडे दुसरी निवड होती. पहिली निवड केली असती तर अंदाज खरा ठरला असता, पण माझ्या चौकटीला १५००चा प्रवेग सोसतो की नाही हे न तपासता मी तो तिच्यावर लादला असता, आणि कोपऱ्यांच्या बाजूला भिंतींवर लहरी उमटल्या असत्या. अंदाज यंत्राला जुळवावा, यंत्र अंदाजाला जुळवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, म्हणून मी निवड तशीच ठेवली आणि आकडे बदलले.

छपाईचा आणि प्रवासाचा प्रवेग ५००, `X` आणि `Y` यांचा जर्क १०ऐवजी ८, एवढे भरून दोन्ही वस्तू पुन्हा स्लाइस केल्या. डबा २५०वरून २५९ मिनिटांवर गेला. खरा वेळ २६० होता. क्लिपा २२०वरून २८२वर गेल्या. खरा वेळ २९१. बासष्ट मिनिटे एवढ्याशा दुरुस्तीने सापडली, पण क्लिपांची नऊ मिनिटे अजून बेपत्ता होती आणि डब्यात मात्र तशी काही तूट नव्हती. म्हणजे हेही कारण आकाराशीच बांधलेले होते.

क्लिपांमध्ये आणखी काय जास्त होते? उड्या. बारा सुटे तुकडे असल्यामुळे प्रत्येक थरात नोझल एका क्लिपवरून दुसरीवर जातो, आणि एकाच क्लिपमध्येही भोकाच्या कडेवरून बाहेरच्या कडेवर, तिथून इन्फिलवर असा तुटक प्रवास करतो. पीईटीजीचे तंतू ओढले जातात म्हणून अशा प्रत्येक प्रवासाआधी मी रिट्रॅक्शनबरोबर, म्हणजे फिलामेंट थोडे मागे ओढण्याबरोबर, नोझल ०.४ मिमी वर उचलतो आणि पोहोचल्यावर खाली आणतो. किती वेळा, हे फाइललाच विचारले:

```
grep -c "^G1 Z" clips.gcode
```

उत्तर सात हजार दोनशेंहून थोडे जास्त आले. वर जाण्याची एक ओळ आणि खाली येण्याची एक, म्हणजे सुमारे ३६०० उड्या. साठ थर, बारा क्लिपा, प्रत्येक क्लिपमागे थराला पाच उड्या, असा हिशेब जुळतो.

आता वरच्या `M503` च्या ओळींत `Z` कडे पाहा. फर्मवेअर `Z` ला सेकंदाला ५ मिमीपेक्षा जास्त वेग देत नाही आणि त्याचा प्रवेग फक्त १०० आहे. स्लाइसरच्या पानावर मात्र मूळचे १२ आणि ५०० हे आकडे होते. ०.४ मिमी वर जायला स्लाइसरच्या आकड्यांनी ०.०६ सेकंद लागतात, फर्मवेअरच्या आकड्यांनी ०.१३. वर आणि खाली मिळून एका उडीला सुमारे ०.१४५ सेकंद जास्त. डोळ्याला हे कधीच दिसणार नाही. पण ३६०० उड्यांनी गुणले की ५२२ सेकंद होतात, म्हणजे पावणेनऊ मिनिटे. `Z` चे दोन्ही आकडे दुरुस्त केल्यावर क्लिपांचा अंदाज २९० मिनिटांवर आला आणि डब्याचा २६०वर. डब्यात उड्या थोड्याच असल्यामुळे तिथे एका मिनिटाचाच फरक पडला.

हे सगळे मार्लिनच्या संदर्भात झाले. क्लिपर वापरणाऱ्यांना `M503` चा उपयोग नाही. त्यांच्या मर्यादा `printer.cfg` मध्ये `max_accel`, `max_z_velocity`, `max_z_accel`, `square_corner_velocity` अशा नावांनी असतात. शिवाय क्लिपरमध्ये `minimum_cruise_ratio` नावाची एक मर्यादा आहे. छोट्या नागमोडी हालचालींत वेग वाढवून लगेच कमी करण्याला ती आळा घालते, आणि स्लाइसरच्या जर्कच्या हिशेबात तिला जागाच नाही. त्यामुळे तिथे स्लाइसरचे आकडे कितीही नीट भरले तरी थोडी तफावत उरते. `klipper_estimator` हे साधन यंत्राची स्वतःची मांडणी वाचून फाइलचा वेळ मोजते, त्यामुळे क्लिपरवर मी स्लाइसरपेक्षा त्याच्यावर जास्त विसंबेन. मार्लिनवर आणखी एक साधी गोष्ट तपासावी: छपाई चालू असताना पडद्यावरचा गोल खटका चुकून फिरला तर वेग ९५ टक्क्यांवर जातो आणि स्लाइसरला त्याचा पत्ताही नसतो.

थर लवकर संपला तर तो थंड व्हावा म्हणून स्लाइसर वेग कमी करतो, त्याचा मात्र या चुकांत काही वाटा नाही. तो कमी केलेला वेग स्लाइसर स्वतःच फाइलमध्ये लिहितो, त्यामुळे तो त्याच्या हिशेबातही असतो. मी सुरुवातीला यावर बराच वेळ घालवला, म्हणून मुद्दाम सांगतो.

आता वजनाकडे वळतो. फिलामेंट संपले कसे याचा शोध मला वेळेच्या शोधापेक्षाही जास्त शिकवणारा ठरला, कारण इथे एक चूक आधीपासून होती आणि ती दुसऱ्या चुकीखाली झाकली गेली होती.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक स्लाइसरची नव्हतीच. फिलामेंट संपल्यामुळे आता ते स्पूल पूर्ण रिकामे झाले होते. वजन केले तर १९९ ग्रॅम. मी धरले होते १९०, कारण माझ्याकडच्या दुसऱ्या बनावटीचे स्पूल तेवढे भरते. म्हणजे ५८ ग्रॅम नव्हे, ४९च ग्रॅम शिल्लक होते. स्पूलची वजने बनावटीनुसार आणि पुठ्ठ्याचे की प्लास्टिकचे यानुसार कितीतरी बदलतात. आता मी प्रत्येक रिकाम्या स्पूलचे वजन लिहून ठेवतो आणि नवे स्पूल उघडताच भरलेल्याचेही वजन करतो.

या ४९ ग्रॅममधलेही सगळे छपाईला मिळत नाही. फिलामेंट भरताना नोझलमधून जुना रंग निघून जाईपर्यंत जी गुंडाळी बाहेर काढतो, ती मी कचऱ्यातून उचलून तोलली: १.१ ग्रॅम. आणि माझ्या यंत्रात फिलामेंट ढकलणारा एक्स्ट्रूडर चौकटीवर असून तिथून नोझलपर्यंत सुमारे ४० सेंटीमीटरची नळी आहे. फिलामेंटचे टोक दातेरी चाकातून सुटले की नळीतला तुकडा ढकलायला कोणी उरत नाही. तो तुकडा १.२ ग्रॅमचा. छपाईला प्रत्यक्षात मिळाले ४६.७ ग्रॅम.

तरीही ५२.६च्या अंदाजाप्रमाणे प्रिंट जिथे थांबायला हवी होती त्याच्या आधीच ती थांबली होती, म्हणून स्लाइसरचा ग्रॅमचा आकडा कसा येतो ते पाहावे लागले. स्लाइसर फाइलमध्ये तीन ओळी लिहितो:

```
; filament used [mm] = 17640
; filament used [cm3] = 42.43
; filament used [g] = 52.6
```

यातला फक्त पहिला आकडा स्लाइसरला खरोखर माहीत असतो, कारण तेवढीच लांबी ढकलायला तो यंत्राला सांगतो. दुसरा आकडा फिलामेंटचा व्यास १.७५ मिमी आहे असे मानून येतो, आणि तिसरा प्रोफाइलमध्ये लिहिलेल्या घनतेने गुणून. माझ्या पीईटीजीच्या प्रोफाइलमध्ये घनता १.२४ होती. ही पीएलए या दुसऱ्या प्लास्टिकची घनता, पीईटीजीची १.२७च्या आसपास असते. मी पीएलएच्या प्रोफाइलची नक्कल करून तापमाने बदलली होती आणि घनता तशीच सोडली होती.

मग डब्याच्या वेळी हे कसे लक्षात आले नाही? डब्याचा अंदाज ११८ ग्रॅम होता, आणि स्पूल आधी आणि नंतर तोलून आलेला फरकही ११८ ग्रॅमच होता. त्या दिवशी मी समाधानाने वहीत बरोबरची खूण केली होती. आता ते स्पूल पुन्हा काढून व्यास मोजला तर ठिकठिकाणी सरासरी १.७३ भरला. व्यास १.७५ऐवजी १.७३ असला की छेदाचे क्षेत्रफळ २.३ टक्क्यांनी घटते, आणि घनता १.२४ऐवजी १.२७ असली की वजन २.४ टक्क्यांनी वाढते. दोन चुका विरुद्ध दिशांना ओढून एकमेकींना बरोबर झाकत होत्या. क्लिपांसाठी वापरलेले फिलामेंट दुसऱ्या बनावटीचे होते आणि त्याचा व्यास १.७६ निघाला. तिथे दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या आणि वजन साडेतीन टक्क्यांनी वाढले.

पण व्यास मोजून हा प्रश्न सोडवणे मला पटत नाही. नेहमीच्या कॅलिपरमध्ये ०.०२ मिमीची चूक सहज होते, आणि तेवढ्याने क्षेत्रफळात सव्वादोन टक्के फरक पडतो. म्हणजे जी चूक शोधायची तितकीच मोजमापातही. त्यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे फिलामेंटचा ठरावीक तुकडा कापून तोलणे. मी टेपला घट्ट ताणून प्रत्येकी २ मीटरचे तुकडे कापले आणि शंभरांश ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर ठेवले. पहिल्या बनावटीचा तुकडा ५.९७ ग्रॅम भरला, दुसऱ्याचा ६.१८. म्हणजे मीटरला २.९९ आणि ३.०९ ग्रॅम. दोन मीटरांत चार मिलिमीटर चुकले तरी चूक ०.२ टक्क्यांचीच, आणि व्यास व घनता यांची वेगवेगळी माहिती असण्याची गरजच उरत नाही, कारण दोन्ही त्या एका वजनात आलेल्या असतात. स्लाइसर मीटरला २.९८ ग्रॅम धरत होता. पहिल्या फिलामेंटशी तो आकडा योगायोगाने जुळला होता.

क्लिपांची लांबी १७.६४ मीटर, तिला ३.०९ने गुणले की ५४.५ ग्रॅम. मिळाले होते ४६.७. कमी पडले ७.८ ग्रॅम, म्हणजे सातव्या हिश्श्याहून किंचित जास्त, आणि क्लिपाही साधारण तेवढ्याच उंचीने अर्धवट राहिल्या होत्या.

हा आकडा स्लाइसरमध्ये भरताना मी एक काळजी घेतली. व्यास बदलून १.७६ करण्याचा मोह होतो, पण व्यास बदलला की स्लाइसर ढकलायची लांबीही बदलतो, आणि फ्लोचे गुणोत्तर आधीच भिंतीची जाडी मोजून जुळवलेले असेल तर त्या जुळणीवर पाणी पडते. म्हणून व्यास १.७५च ठेवला आणि घनतेच्या जागी १.२८५ लिहिले. ही त्या पदार्थाची खरी घनता नव्हे, १.७५च्या गृहीत व्यासाबरोबर मीटरला ३.०९ ग्रॅम देणारा तो आकडा आहे. घनता फक्त वजनाच्या हिशेबात वापरली जाते, त्यामुळे छपाईत तसूभरही फरक पडत नाही. शेजारच्या `Spool weight` या जागेत रिकाम्या स्पूलचे १९९ ग्रॅम भरले.

लांबीचा आकडा खरा मानायचा तर यंत्र सांगितली तेवढीच लांबी ओढते हेही पाहायला हवे. एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून फिलामेंटवर १२० मिमीवर खूण केली, नोझल गरम ठेवून सावकाश १०० मिमी ढकलायला सांगितले आणि उरलेले अंतर मोजले. २० मिमी उरायला हवेत, मला १९.७ मिळाले. ही चूक सोडून देण्याइतकी लहान आहे. कोणाला २३ मिळाले तर यंत्र तीन टक्के कमी ओढते आहे आणि `M92` मधला `E` चा आकडा १०० भागिले ९७ या प्रमाणात वाढवायला हवा. मात्र त्यानंतर फ्लोही पुन्हा जुळवावा लागतो. आणखी एक घोटाळा नेहमी दिसतो तो असा की सपोर्ट आणि ब्रिम काढून साफ केलेली वस्तू तोलतात आणि स्लाइसर जास्त सांगतो म्हणतात. त्याचा आकडा सपोर्ट, ब्रिम आणि स्कर्ट धरून असतो, म्हणून वस्तूपेक्षा स्पूलच छपाईच्या आधी आणि नंतर तोलावे.

त्याच बनावटीचे नवे स्पूल लावून क्लिपा पुन्हा छापल्या. यंत्र थंड होते, म्हणून २९० मिनिटांत अकरा मिळवून ५ तास १ मिनिट असे वहीत आधी लिहिले, आणि ५४.५ ग्रॅममध्ये भरण्याच्या गुंडाळीचे १.१ मिळवून ५५.६ ग्रॅम. पडद्यावर पुन्हा ५ तास २ मिनिटे आली आणि स्पूलचे वजन ५५.६ ग्रॅमने घटले. पण ज्या वस्तूवरून आकडे दुरुस्त केले तिच्यावरच ते तपासणे पुरेसे नव्हते.

म्हणून तिसरी वस्तू घेतली: वायरी ओळीत बसवायची वीस खाचांची एक लांब पट्टी, जिच्यात डब्यासारख्या लांब रेषाही आहेत आणि क्लिपांसारखे छोटे दातही. जुन्या आकड्यांनी स्लाइसर तिला १४६ मिनिटे देत होता. डब्याच्या अनुभवावरून टक्केवारी लावली असती तर मी १५८ मिनिटे सांगितली असती, क्लिपांच्या अनुभवावरून २००. दुरुस्त आकड्यांनी स्लाइसर १७१ म्हणाला, त्यात थंड सुरुवातीची अकरा मिळवून मी १८२ लिहिले. पट्टीला १८४ मिनिटे लागली.

उरलेल्या दोन मिनिटांतले एक बहुधा तापवण्यात गेले असावे, कारण त्या दिवशी खोली गार होती आणि बेडला ८० अंशांवर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. म्हणून वहीत आता छपाईचा वेळ आणि सुरुवातीचा वेळ असे दोन वेगळे रकाने आहेत, आणि प्रत्येक नव्या स्पूलच्या पानावर सर्वांत वर दोनच नोंदी असतात: भरलेल्या स्पूलचे वजन आणि दोन मीटर फिलामेंटचे वजन.